कोकणातल्या उतारावर धूप मोजायचे प्लॉट कसे बसवायचे : ड्रम, खाचा आणि चिखलाचा हिशोब

उघड्या जमिनीवरून किती माती जाते, गवताखालून किती आणि नाचणीच्या शेतातून किती, हे डोळ्यांनी बघून सांगणारे खूप भेटतात. ते मोजायचं असेल तर एकच साधा रस्ता आहे. उतारावर ठराविक मापाचे तुकडे आखा, चारी बाजूंनी बंद करा, खालच्या टोकाला पन्हळ लावा आणि त्यातून येणारं पाणी आणि गाळ ड्रममध्ये धरा. ऐकायला सोपं आहे, पण आपल्याकडच्या पावसात यातली प्रत्येक गोष्ट फसू शकते, आणि पहिल्या वर्षी माझ्या बऱ्याचशा फसल्याच, म्हणून जिथे फसतं तिथे जरा थांबून लिहितोय आणि बाकीचं भराभर सांगतो.

आधी माप. पुस्तकात २२.१३ मीटर लांब आणि १.८३ मीटर रुंद प्लॉट दिसेल आणि हा विचित्र आकडा आला कुठून असं वाटेल. तो अमेरिकेतला ७२.६ फूट बाय ६ फुटांचा प्लॉट आहे, म्हणजे बरोबर एकराचा शंभरावा भाग, त्यांना हिशोबाला सोपं जायचं म्हणून. आपल्याला त्याची सक्ती नाही. कोकणात एकाच उताराची, एकाच खोलीच्या मातीची, मध्ये कातळ वर न आलेली २२ मीटरची पट्टी सापडणं कठीण, आणि अशा आठ-दहा पट्ट्या शेजारी शेजारी तर विसराच. मी १० मीटर बाय २ मीटर घेतो, म्हणजे २० चौरस मीटर. एवढ्या लहान प्लॉटवर ओघळ पूर्ण ताकदीने तयार होत नाहीत हे मान्य आहे, म्हणून यातले आकडे उचलून अख्ख्या डोंगराला लावायचे नाहीत. पण गवत विरुद्ध उघडी जमीन अशी तुलना करायला हे माप चालतं.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की बसवा, पुढे सगळा हिशोब तिच्यावर आहे : १ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. म्हणजे आपल्या प्लॉटवर १ मिलीमीटर पडला की २० लिटर पडले.

जागा आणि आखणी

वरकस जमीन बघा, साधारण ८ ते १२ टक्के उताराची. उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही, गवंड्याचा लेव्हल पाइप पुरतो. १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या करा आणि पाण्याच्या पातळीतला फरक बघा, १ मीटर आला तर १० टक्के. सगळ्या प्लॉटचा उतार एकमेकांपासून एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर असावा. पहारीने चार-पाच ठिकाणी टोचून माती किती खोल आहे तेही बघून ठेवा, कारण एका प्लॉटखाली दीड फुटावर जांभा आणि शेजारच्याखाली चार इंचांवर असेल तर तुम्ही गवत आणि नाचणीची तुलना करत नाही आहात, जांभ्याच्या खोलीची करताय.

कुठल्या आच्छादनाचे किती प्लॉट? प्रत्येकाचे तीन करा, जमत नसेल तर निदान दोन, आणि कुठला कुठे येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेजारी शेजारी एकसारखे केलेले दोन उघडे प्लॉटसुद्धा एकाच पावसात वेगवेगळा गाळ देतात, कधी कधी बराच वेगळा. एकेकच प्लॉट असेल तर फरक आच्छादनाचा की जमिनीचा ते कळायला मार्गच राहत नाही. नवख्याने उघडी जमीन, गवत आणि नाचणी असे तीन प्रकार घ्यावेत, नऊ प्लॉट होतात, दोन माणसं सांभाळू शकतात. काजू-आंबा लहान प्लॉटमध्ये बसवायचा मोह टाळा. झाडाचा घेर प्लॉटबाहेर जातो, पानांवरून मोठे थेंब कुठेही पडतात, मुळं पत्र्याखालून पलीकडे जातात. झाडाखालचं मोजायचंच असेल तर बागेतच मोठा प्लॉट आखावा लागतो, ती वेगळी गोष्ट आहे.

बांधकाम कधी करायचं याबद्दल माझं ठाम मत आहे : दसरा-दिवाळीच्या आसपास. तेव्हा पाऊस गेलेला असतो पण माती ओलसर असते, टिकाव सहज जातो. मे महिन्यात तीच माती विटेसारखी होते, चर खणताना ढेकळं उडतात आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते. शिवाय दिवाळीला बसवलं की गवताला एक हंगाम मिळतो आणि उकरलेली माती बसते. मे मध्ये उकरून जूनमध्ये मोजायला घेतलं की पहिल्या दोन पावसांत जो गाळ येतो तो तुमच्या फावड्याचा असतो, आच्छादनाचा नाही.

कड

प्लॉटच्या कडेला जीआय पत्र्याच्या एक फुटी पट्ट्या वापरा, अर्धी जमिनीत आणि अर्धी वर. जोडावर दोन पट्ट्या एकमेकींवर चार इंच चढवायच्या, वरच्या बाजूची पट्टी आतून येईल अशी, म्हणजे पाणी फटीत घुसत नाही. दोन्ही बाजूंनी चिकणमाती भरून चोपायची. काटकोन ६-८-१० ने काढा, म्हणजे एका बाजूवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट आणि तिरकस बरोबर १० फूट.

कोकणात सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं की चिरे पडलेच आहेत, चिऱ्याचीच कड घालू. घालू नका, किंवा घातली तर नीट विचार करून घाला. एकतर जांभा सच्छिद्र आहे, पाणी आरपार पाझरतं, आतून सिमेंटचा गिलावा करावा लागतो. दुसरं कोणाच्या लक्षात येत नाही ते असं की चिऱ्याची माथ्याची रुंदी साधारण २२ सेंटीमीटर असते आणि तिच्यावरही पाऊस पडतो. दोन्ही बाजूंच्या १०-१० मीटर कडेवरचं अर्धं पाणी जरी आत उतरलं तरी २.२ चौरस मीटर जास्तीचं क्षेत्र झालं, म्हणजे ११ टक्के पाणी फुकट वाढलं. पत्र्याला ही भानगड नाही.

प्लॉटच्या वरच्या अंगाला, कडेपासून मीटरभर सोडून, एक आडवा चर खणा आणि त्याचं तोंड बाजूला सोडून द्या. डोंगरावरून येणारं पाणी तिथेच वळलं पाहिजे, पत्र्यावर त्याचा भार येता कामा नये.

पन्हळ

खालच्या टोकाला दोन मीटर रुंदीभर पन्हळ बसते, एका बाजूला किंवा मधल्या पाइपकडे चांगला ढाळ असलेली, नाहीतर जाड वाळू तिच्यातच बसून राहते. हिची मातीला लागणारी ओठ-कड बरोबर जमिनीच्या पातळीला हवी. वर राहिली तर पाणी मागे तुंबतं आणि गाळ प्लॉटवरच साचतो, मोजणीत कमी येतो. खाली राहिली तर कडेची माती ढासळून पन्हळीत येते आणि धूप वाढल्यासारखी दिसते. म्हणून ओठाच्या वर चार इंचांची सिमेंटची पट्टी करून घ्यायची आणि दर आठ-दहा दिवसांनी बोट फिरवून बघायचं, माती सिमेंटच्या खाली गेलीय का. पन्हळीवर झाकण हवंच, आणि पाइपच्या तोंडाशी जाळी. चार इंची पाइप पाण्याच्या हिशोबाने भरपूर मोठा आहे, तासाला १०० मिलीमीटर वेगाने पडणारा सगळा पाऊस जरी वाहून आला तरी सेकंदाला जेमतेम अर्ध्या लिटरच्या वर पाणी होतं. पण सागाचं एक पान आडवं बसलं की संपलं.

ड्रम किती मोठा

इथे खरी मेख आहे. कमी पावसाच्या प्रदेशातलं वाचून लोक एका प्लॉटला एक २०० लिटरचा ड्रम ठेवतात. आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि जुलैमध्ये दिवसाला १०० मिलीमीटर म्हणजे काही बातमी नाही. त्यातला ६० टक्के वाहून आला तर २० चौरस मीटरवरून १२०० लिटर झाले. सहा ड्रम, एका प्लॉटला, एका रात्रीत. नऊ प्लॉटना किती ते तुम्हीच करा.

म्हणून सगळं पाणी धरायचं नाही, वाटा धरायचा. पहिला ड्रम भरला की वरचं पाणी एका पत्र्याच्या पेटीत जातं, पेटीच्या समोरच्या पत्र्याला सारख्या मापाच्या ९ उभ्या खाचा असतात. आठ खाचांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, मधल्या एका खाचेचं पाणी पाइपने दुसऱ्या ड्रममध्ये. म्हणजे दुसऱ्या ड्रममधला १ लिटर हा ९ लिटरांचा प्रतिनिधी. जाड माती आणि खडे पहिल्या ड्रममध्येच बसतात, पुढे जातं ते गढूळ पाणी, आणि गढूळ पाण्याचे सारखे वाटे करणं शक्य असतं, खड्यांचे नाही.

खाचा ९ का, ८ किंवा १० का नाहीत? विषम आकडा असला की बरोबर मध्ये एक खाच येते. पेटी जराशी डावी-उजवीकडे कलली तर एका टोकाच्या खाचांतून जास्त आणि दुसऱ्या टोकाच्या खाचांतून कमी जातं, पण मधलीतून साधारण सरासरीच जातं. ड्रमच्या कडेला गोल भोकं पाडून त्यातल्या एकाला पाइप लावणारेही बघितलेत, तिथे ड्रम कलला की सगळी चूक थेट त्या एका भोकात उतरते.

खाचा १ सेंटीमीटर रुंद आणि ८-१० सेंटीमीटर उंच ठेवा. फॅब्रिकेटरला बजावून सांगायची गोष्ट एकच : सगळ्या खाचांचे तळ एका ओळीत हवेत. रुंदी थोडी इकडेतिकडे झाली तर परवडेल, तळ नाही. कारण तासाला १० मिलीमीटर अशा मध्यम पावसात त्या खाचांतून पाणी फक्त ५ मिलीमीटर उंचीने वाहत असतं. मधल्या खाचेचा तळ १ मिलीमीटर वर राहिला तर तिच्या वाट्याला शेजारणीच्या पाऊण हिश्शाहूनही कमी पाणी येतं. जोराच्या पावसात हीच चूक जवळजवळ दिसत नाही, म्हणून ती लपून राहते.

म्हणूनच मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, प्रत्येक पेटी पाणी ओतून तपासायची. पहिला ड्रम खाचांच्या तळापर्यंत भरा, किती लिटर लागले ते लिहून ठेवा (२०० लिटरच्या ड्रममध्ये २०० कधीच मावत नाहीत, खाचा वरच्या कडेच्या खाली असतात ना, माझ्या एका ड्रममध्ये १७६ लागले). मग बादलीने मोजून आणखी २८२ लिटर सोडा आणि दुसऱ्या ड्रममध्ये किती आले बघा. ३० आले तर तुमचा गुणक ९ नाही, ९.४ आहे. पुस्तकी ९ विसरायचे आणि त्या पेटीवर ऑइलपेंटने ९.४ लिहायचं. हे दोनदा करा, एकदा नळी पूर्ण सोडून आणि एकदा बारीक धारेने. दोन्ही वेळचे गुणक फार वेगळे आले तर खाचांचे तळ वरखाली आहेत किंवा पेटी कललीय, पाणसळ लावा आणि दुरुस्त करा, मग पुन्हा.

आता हे दोन ड्रम किती पाऊस झेलतील? पहिल्यात १७६, दुसऱ्यात २०० भरले तर २०० गुणिले ९.४ म्हणजे १८८०, एकूण २०५६ लिटर. २० ने भागा, १०३ मिलीमीटर वाहून आलेलं पाणी. ६० टक्के वाहून येतं धरलं तर साधारण १७० मिलीमीटरचा दिवस. त्यापुढे दुसरा ड्रमही ओसंडतो. मग दोन उपाय. रेड अलर्ट असेल तर संध्याकाळीही एकदा मोजून रिकामे करायचे, नाहीतर दुसऱ्यालाही तशीच पेटी लावून तिसरा ड्रम ठेवायचा. तिसऱ्याची गंमत अशी की कागदावर तो २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलीमीटरसुद्धा झेलतो, २० चौरस मीटरवर ते १८,८८० लिटर होतात आणि तीन ड्रमची मजल साडेएकोणीस हजारांपर्यंत जाते. पण तिसऱ्यातला १ लिटर म्हणजे ८८ लिटर, तेव्हा तिथे मोजताना सांडलेला एक तांब्या म्हणजे चार मोठ्या बादल्या. मी तिसरा ड्रम फक्त उघड्या प्लॉटना लावतो.

झाकण, खड्डा आणि एक तरंगलेला ड्रम

ड्रमचं तोंड साधारण ५८ सेंटीमीटरचं असतं. उघडा राहिला आणि ८६ मिलीमीटर पाऊस पडला तर त्यात थेट आभाळातून साडेबावीस लिटर पडतात. पहिल्या ड्रममध्ये पडले तर फार नाही, पण दुसऱ्यात पडले तर गुणिले ९.४, म्हणजे दोनशे लिटरच्या वर खोटं पाणी, प्लॉटवर १० मिलीमीटरहून जास्त! पेटीवरही झाकण हवं. सिमेंटचा पत्रा, दगड ठेवून, काही चालेल, पण उतरतं ठेवा आणि वाऱ्याने उडणार नाही असं बांधा.

ड्रम प्लॉटपेक्षा खाली बसायला हवेत म्हणून खड्डा खणतात. मीही खणला, छान चौकोनी, तळाला काँक्रीट, त्यावर ड्रम पाणसळीने लेव्हल केले आणि फोटो काढले. जूनचे पंधरा दिवस सगळं मस्त. मग जुलैच्या पहिल्या झडीत एका सकाळी आमच्याकडे कामाला येणारे आबा वरूनच ओरडले, “रे झिला, खड्ड्यात पाणी भरला हा, ड्रम तरंगतत बघ!” आदल्या दिवशी रिकामे केलेले ड्रम, गावभर पाऊस, आणि जांभ्याच्या भेगांतून झिरपलेलं पाणी खड्ड्यात येऊन साचलेलं. रिकामा ड्रम वजनाला काहीच नाही, खड्ड्यात घोटाभर पाणी चढलं की तो उचलला जातो. एक आडवा झाला होता, दुसऱ्याची पेटी वाकली होती, आणि त्या आठवड्याचे तीन प्लॉटचे आकडे मी वहीत फुली मारून सोडून दिले.

आबांनीच उपाय सांगितला, आणि तो एवढा साधा होता की लाज वाटली. उतारच आहे तर खड्डा कशाला, खालच्या अंगाने उघडा टप्पा काढ, भाताच्या मळीसारखा. तेव्हापासून तीन बाजू मातीच्या आणि खालची बाजू मोकळी, तळाला बाहेर ढाळ, चिऱ्याच्या ओट्यावर ड्रम, आणि ड्रमला दोन बाजूंनी ओट्याला तारेने बांधलेलं. पाणी साचायला जागाच नाही. दुसरा ड्रम अर्थातच पहिल्यापेक्षा खालच्या ओट्यावर. आठ खाचांचं सोडलेलं पाणीही लगेच लांब वाहून जाईल असा चर काढा, नाहीतर तेच ओट्याखालची माती खातं आणि ओटा कलतो.

रोजची सकाळ

पर्जन्यमापक जवळच, मोकळ्या जागी, आणि वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे, म्हणजे इतरांच्या आकड्यांशी जुळतं. मापकाच्या आतल्या बाटलीचं माप बघून घ्या. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या मापकात ४ लिटरची बाटली म्हणजे २०० मिलीमीटरला ती भरली. तेवढ्यावर पडला तर कळणारच नाही, मोठी बाटली ठेवा.

ड्रमजवळ गेल्यावर आधी काही ढवळू नका. पट्टीने पाण्याची उंची घ्या, दोन्ही ड्रमची, तीन ठिकाणी. जाळी आणि पन्हळीतला गाळ खरवडून पहिल्या ड्रमच्या गाळातच धरायचा, पण पहिल्या ड्रमचं पाणी काढून झाल्यावर.

पहिल्या ड्रममध्ये बरेच जण काठीने जोरात ढवळून एक बाटली भरतात आणि त्यावरून सगळा गाळ काढतात. मला हे पटत नाही. कितीही ढवळा, जाड वाळू आणि जांभ्याचे खडे दोन सेकंदांत तळाला जातात, बाटलीत फक्त बारीक माती येते आणि गाळ कमी दिसतो. आणि कमी दिसतो तोही उघड्या प्लॉटचा, कारण जाड माती तिथूनच येते, म्हणजे ज्या फरकासाठी हा सगळा खटाटोप केला तोच पुसला जातो. त्यापेक्षा न ढवळता मधल्या खोलीवरून एक लिटर पाणी बाटलीत घ्या. मग नळीने वरचं पाणी हळूच काढून टाका, तळाचा गाळ सगळा बादलीत खरवडून घ्या, ड्रम पुसून घ्या, वजन करा. बादलीत गाळ नीट कालवून त्यातला २०० ग्रॅमचा नमुना पिशवीत, लेबल, तारीख, प्लॉट नंबर. पेन्सिलने लिहा, पेनची शाई पावसात जाते.

दुसऱ्या ड्रममध्ये बारीकच माती असते, तिथे ढवळणं चालतं. वल्ह्यासारख्या फळीने चांगलं ढवळून, ढवळत असतानाच तीन बाटल्या वेगवेगळ्या खोलीवरून.

बाटल्यांतली माती लवकर बसत नाही, आपल्या लाल मातीचं पाणी दोन दिवस चहासारखं राहतं. थोडी तुरटी टाकली की बसते. सगळ्या बाटल्यांना सारखीच टाका आणि एक बाटली साध्या पाण्याची, तीच तुरटी टाकून, सोबत वाळवा. तिच्यात जे वजन येईल ते बाकीच्यांतून वजा. वाळवणं ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास. ओव्हन नसेल तर जवळच्या कृषी किंवा सायन्स कॉलेजात विचारा, नमुने आधी उन्हात किंवा चुलीच्या उबेला सुकवून नेले तर ते लवकर हो म्हणतात.

एक दिवस करून बघू

खालचे आकडे समजायला धरलेले आहेत, मोजणीचे म्हणून कुठे वापरू नका. ८६ मिलीमीटर पाऊस. प्लॉटवर पडलं १७२० लिटर.

उघडा प्लॉट : पहिला ड्रम भरलेला, १७६ लिटर. दुसऱ्यात ९३ लिटर. ९३ गुणिले ९.४ म्हणजे ८७४. एकूण १०५० लिटर, भागिले २०, साडेबावन्न मिलीमीटर. पावसाच्या ६१ टक्के वाहून गेलं.

गाळ : पहिल्या ड्रमचा आणि पन्हळीचा ओला गाळ ९.६ किलो. २०० ग्रॅमचा नमुना सुकून ११८ ग्रॅम झाला, म्हणजे ५९ टक्के, कोरडा गाळ ५.६६ किलो. पहिल्या ड्रमचं वरचं पाणी साधारण १७० लिटर (बाकी जागा गाळाने घेतली), लिटरला २.४ ग्रॅम, ०.४१ किलो. दुसऱ्या ड्रममध्ये लिटरला ३ ग्रॅम, ९३ लिटरमध्ये २७९ ग्रॅम, गुणिले ९.४, २.६२ किलो. एकूण ८.६९ किलो. हेक्टरला न्यायला ५०० ने गुणा, कारण १०,००० भागिले २०. ४३४५ किलो, म्हणजे हेक्टरी ४.३ टन, एका दिवसात.

गवताचा प्लॉट : पहिला ड्रम भरलेला, दुसऱ्यात १४ लिटर. १७६ अधिक १३२, म्हणजे ३०८ लिटर, १५.४ मिलीमीटर, १८ टक्के. तळाला खरवडण्यासारखं काही नाही. पहिल्यात लिटरला ०.३ ग्रॅम म्हणजे ५३ ग्रॅम, दुसऱ्याच्या हिश्शाचे लिटरला ०.२ ग्रॅमने २६ ग्रॅम. मिळून ७९ ग्रॅम, हेक्टरी ४० किलो. म्हणजे गवतापेक्षा उघड्या प्लॉटचं पाणी तिपटीहून थोडं जास्त, गाळ मात्र शंभर पटींनी जास्त. असा फरक दिसला की नवखा माणूस घाबरून चूक शोधायला लागतो. घाबरू नका, गवत पाण्यापेक्षा मातीला कितीतरी जास्त अडवतं. पण गुणक चुकीचा वापरला नाही ना एवढं बघा.

नाचणीचं एक वेगळंच आहे. नाचणीची लावणी होईपर्यंत जुलै उजाडतो, तोवर जूनचे सगळे जोराचे पाऊस नांगरलेल्या उघड्या जमिनीवर पडलेले असतात. म्हणून जुलैपासून मोजणी सुरू केलीत तर नाचणी साळसूद दिसेल. ड्रम पहिल्या पावसापासून लागलेले हवेत, आणि नांगरणी, लावणी, बेणणी सगळ्याच्या तारखा वहीत. उघड्या प्लॉटवरचं तण हाताने उपटा, कुदळीने खरवडलं की नवी सुटी माती तयार होते आणि पुढच्या पावसाचा आकडा फुगतो.

काहीतरी चुकलंय हे कसं ओळखायचं

वाहून आलेलं पाणी पावसापेक्षा जास्त निघालं तर बाहेरचं पाणी आत येतंय : वरचा चर फुटलाय, झाकण सरकलंय, किंवा पत्र्याचा जोड उघडलाय. ६० मिलीमीटर पडूनही उघड्या प्लॉटचा ड्रम अर्धाच, तर पाणी कुठूनतरी पळतंय, आणि कोकणात पहिला संशय खेकड्यावर घ्यायचा. पत्र्याला लागून बीळ करतो आणि अर्धा प्लॉट त्यातून रिकामा होतो. बीळ दिसलं की चिकणमातीचे गोळे ठासून भरा, आणि त्या दिवसाचा आकडा वहीत वेगळ्या रंगाने.

पहिला ड्रम भरलेला नसताना दुसऱ्यात पाणी असेल तर दोनच शक्यता, पहिला गळतोय किंवा दुसऱ्यावरचं झाकण. आणि पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी पन्हळीतून स्वच्छ पाण्याची बारीक धार चालूच असेल तर ते वरून वाहिलेलं पाणी नाही, मातीतून उतरून जांभ्यावर अडून ओठाशी बाहेर पडणारं पाणी आहे. ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब भरली की हे हमखास होतं. ते वेगळं करायचं असेल तर पाऊस थांबल्यावर तासाभरात एकदा ड्रमची उंची घ्या आणि सकाळी पुन्हा घ्या, मधला फरक बराचसा त्या झिरप्याचा. गाळ त्यात नसतो, पण पाण्याचे टक्के उगाच चढतात, आणि गवताच्या प्लॉटवर तर एवढे की एखाद्या सकाळी गवत आणि उघडी जमीन सारखंच पाणी देताना दिसतात.

पाऊस गेला की ड्रम धुऊन पालथे ठेवा आणि पेट्या काढून घरात न्या. पत्र्याच्या पट्ट्या जागीच राहू द्या, पण गुरं सोडायच्या आधी चारी बाजूंनी काटेरी वई घाला, कारण एक म्हैस पत्र्यावरून गेली की तो प्लॉट परत सरळ करायचा म्हणजे माती उकरायची, आणि पुढच्या जूनला पुन्हा फावड्याचाच गाळ मोजायचा.